पार्श्वभूमी : ‘न वाचलेला’ निरोप आणि न वाजणारा निरोप

वाचलेला निरोप पुन्हा ‘न वाचलेला’ करणं आणि आवाज न करता निरोप पाठवणं, या दोन सोयी चॅट अ‍ॅपच्या मेनूमध्ये लहानशा ओळी म्हणून दिसतात, पण त्यांचा इतिहास वेगवेगळ्या दिशांनी आला आहे. वाचलेलं न वाचलेलं करणं ही ईमेलची जुनी सवय आहे. आवाज न करता पाठवणं मात्र आपल्या डोळ्यांदेखत, गेल्या दहा-बारा वर्षांत आलं.

ईमेलपासून सुरुवात करावी लागते, कारण घोळ तिथेच आहे. सर्व्हरवरची टपाल वाचण्यासाठीच्या आयमॅप प्रोटोकॉलमध्ये 1988च्या मसुद्यापासून पत्रावर एक खूण ठेवता येते. तिचं नाव `\Seen`, म्हणजे ‘पाहिलं’. पण 2003च्या आवृत्तीत तिची व्याख्या ‘पत्र वाचलेलं आहे’ अशी केली आहे. पाहिलं आणि वाचलं यांतलं अंतर नाव ठेवतानाच पुसलं गेलं. त्यात पत्राचा मजकूर मागवला की सर्व्हर ही खूण आपोआप लावून टाकतो. ती लागू नये म्हणून वेगळी, डोकावून पाहण्याची आज्ञा द्यावी लागते, आणि लागलेली खूण काढायला आणखी एक:

```
a1 FETCH 12 BODY.PEEK[]
a2 STORE 12 -FLAGS (\Seen)
```

दुसरी ओळ म्हणजेच ‘अनरीड’ करणं. इथे खूण खरोखर पुसली जाते, आणि त्याबद्दल कुणी तक्रार केली नाही, कारण ती घेणाऱ्याच्या पेटीतली, त्याची खासगी बाब होती. पत्र पाठवणाऱ्याला तिचा पत्ताच नसे.

नोव्हेंबर 2014 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या टिका आल्या आणि ही खासगी खूण समोरच्याच्या पडद्यावर गेली. ‘वाचून उत्तर दिलं नाहीस’ हे भांडण घरोघरी सुरू झालं. काही दिवसांतच टिका बंद करण्याची सोय द्यावी लागली, पण अटींसह: तुम्ही स्वतःच्या बंद केल्या तर दुसऱ्याच्याही दिसणार नाहीत, आणि ग्रुपमध्ये त्या बंद होतच नाहीत. 2015 मध्ये चॅट ‘अनरीड’ करता येऊ लागलं, तेव्हा पुष्कळांना वाटलं की आता निळी टीक मागे घेता येईल. तसं होत नाही. चॅट उघडताच पोच निघून गेलेली असते. नंतर यादीत चॅटपाशी दिसणारा आकडा नसलेला ठिपका ही फक्त स्वतःसाठी मारलेली गाठ असते. टेलिग्रामने तर ही गाठ वेगळीच ठेवली आहे: शेवटचा वाचलेला संदेश कोणता ही नोंद एका जागी, आणि `unread_mark` दुसऱ्या जागी. शब्द ईमेलचाच राहिला, काम बदललं. माझ्या मते या सोयीचं नाव ‘नंतर बघतो’ असं ठेवलं असतं तर निम्मे गैरसमज टळले असते.

आवाजाचा हक्क इतकी वर्षं घेणाऱ्याचा होता. फोन सायलेंटवर टाकायचा की नाही हे तो ठरवी. पाठवणाऱ्याच्या हाती असलेली एकमेव कला म्हणजे मिस्ड कॉल, निरोपाशिवाय नुसता आवाज. ऑगस्ट 2019 मध्ये टेलिग्रामने उलटं केलं: पाठवण्याचं बटण दाबून धरलं की आवाजाशिवाय पाठवण्याचा पर्याय येतो. चॅनेलना आणि बॉटना ही मुभा त्याआधीच होती.

उदाहरणार्थ, पुण्यात सकाळचे दहा वाजलेत आणि न्यू जर्सीतल्या भावाला घराच्या कागदपत्रांबद्दल दोन ओळी कळवायच्या आहेत. उन्हाळ्यात तिथे रात्रीचे साडेबारा असतात. संदेशासोबत `silent` अशी खूण जाते. संदेश लगेच पोचतो, सूचनाही येते, न वाचलेल्यांचा आकडाही वाढतो, फक्त फोन वाजत नाही. भाऊ फोन हातात धरून जागा असेल तर त्याला तो दिसणारच. म्हणजे ही सोय लपवण्याची नाही. आणि ती आवाज कमीच करू शकते, घेणाऱ्याने बंद केलेला आवाज चालू करू शकत नाही.

2022 मध्ये इन्स्टाग्रामने आणि 2023 मध्ये डिस्कॉर्डने बटणाऐवजी संदेशाच्या सुरुवातीला `@silent` लिहिण्याची पद्धत आणली. डिस्कॉर्डवर अशा संदेशाशेजारी काट मारलेली घंटा दिसते, त्यामुळे पाठवणाऱ्याने संकोच केला होता हे वाचणाऱ्याला कळतं.

इथे एक नाव वेगळं काढायला हवं. ‘सायलेंट एसएमएस’ म्हणजे हे नव्हे. जीएसएमच्या नियमांतला तो शून्य प्रकारचा संदेश फोन स्वीकारतो, पोच देतो आणि मजकूर न दाखवता टाकून देतो. परदेशांत पोलीस फोन कुठे आहे हे शोधायला तो वापरतात, म्हणून त्यावर वाद आहेत. चॅटमधला संदेश वाजत नाही, पण दिसतो. सायलेंट एसएमएस वाजतही नाही आणि दिसतही नाही.

याउलट 2021 मध्ये आयफोनवर समोरच्याने सूचना बंद ठेवल्याचं पाठवणाऱ्याला दिसू लागलं, आणि ‘तरीही कळवा’ असं म्हणण्याची जागाही मिळाली.