फोटो तपासायला तिकडे माणूस बसतो का?

"भाऊ, बोंडअळीचा फोटो एआयला टाकला की अर्धा मिनिट नुसतं चक्र फिरते. तिकडे कोणी माणूस तपासत बसते काय?"

नाही. मॉडेलने फोटो वाचण्याआधीची तपासणी यंत्रच करते. फोटोचा गणिती ठसा काढून आधीच माहीत असलेल्या बेकायदा चित्रांच्या ठशांशी ताडतात. दुसरा छोटा प्रोग्राम नग्नता, हिंसा असं काही आहे का ते बघतो. तेही बहुतेक वेळा लहान केलेल्या प्रतीवर, म्हणून एरवी हे सेकंदाच्या आत उरकते. माणसाकडे गेलाच तर संशयित फोटो जातो, तोही सहसा नंतर.

मग अर्धा मिनिट कुठं जातो? टॉवरवर! ४ एमबीचा फोटो म्हणजे ३२ मेगाबिट. यवतमाळकडच्या एखाद्या शेतात अपलोडचा वेग सेकंदाला १ मेगाबिट मिळाला, तर चढायलाच ३२ सेकंद. बोंडापुरता कापून ३०० केबीचा केला, तर अडीच सेकंद. फक्त फोटो दाबून इतका धूसर करू नका की अळीच दिसणार नाही.

तपासणीत फोटो अडकला, तर बहुधा सरळ नकार येतो; चक्र फिरत राहत नाही.