पानाच्या घडीत सापडलेली चौदावी ओळ

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या यंत्रमाग कारखान्यातून महिनाअखेरीस माल रवानगीची यादी निघते. संगणकावर केलेली, दोन पानांची, खाली सही-शिक्का असलेली. ही यादी हिशेब लिहिणाऱ्याकडे जाते ती बहुतेक वेळा मोबाइलवर काढलेल्या दोन फोटोंच्या रूपात. मूळ फाइल कुठे गेली हे कोणी विचारत नाही. मग त्या फोटोंमधली अक्षरे ओसीआरने, म्हणजे चित्रातला मजकूर वाचणाऱ्या प्रणालीने, उचलायची आणि दोन्ही पानांचा मिळून एकच तक्ता करायचा.

पहिल्या पानावर चौदा नोंदी आणि दुसऱ्यावर आठ, एवढा साधा मामला असता तर दुसरे पान पहिल्याखाली चिकटवून काम संपले असते. अडचण येते ती चौदावी नोंद पानाच्या तळाशी अर्धी राहून उरलेली पुढच्या पानावर गेली की. आपल्या यादीतली ती नोंद अशी आहे. रकाने पाच: अनुक्रमांक, तपशील, नग, दर, रक्कम.

```
पान १, शेवट
१४ | जेकार्ड चादर ६०×९० |     | ३०० | ७२,०००
   | लाल                | १२० |     |
   | निळी               | ८०  |     |

पान २, सुरुवात
अ.क्र. | तपशील | नग | दर | रक्कम
   | पिवळी              | ४०  |     |
१५ | टर्किश टॉवेल ३०×६०  | ...
```

माणसाच्या नजरेला हे कोडे वाटतच नाही. पिवळी चादर चौदाव्या नोंदीतलीच, हे कोणीही सांगेल. संगणकाला मात्र दुसऱ्या पानाच्या डोक्यावर फक्त एक अर्धवट ओळ दिसते, तिला ना क्रमांक, ना दर, ना रक्कम. तिचे तो तीनपैकी एक काहीतरी करतो. एक, क्रमांक नाही म्हणून ती कचरा समजून टाकून देतो आणि चाळीस चादरी गायब होतात. दोन, तिला स्वतंत्र नोंद मानतो आणि बावीसच्या जागी तेवीस नोंदी होतात. तिसरा प्रकार सर्वांत वाईट. रिकाम्या घरांत वरच्या ओळीतली किंमत खाली ओढून भरायची सवय अनेक तक्ते-सफाईच्या पद्धतींत असते. ती इथे लागली की शेपटीच्या ओळीलाही क्रमांक १४, दर ३०० आणि रक्कम ७२,००० मिळते, आणि एकाच मालाचे पैसे दोनदा जमा होतात. तक्ता दिसायला अगदी पूर्ण, एकही घर रिकामे नाही, म्हणून संशयही येत नाही.

जोडण्याआधी दोन्ही पाने एका मापात आणावी लागतात. फोटो क्वचितच सरळ येतो. कागद फक्त तीन अंशांनी तिरका झाला, तरी सतरा सेंटिमीटर रुंदीच्या तक्त्यात डावीकडची ओळ उजव्या टोकाला पोहोचेपर्यंत जवळपास नऊ मिलिमीटर वर किंवा खाली सरकते. छापील ओळींतले अंतर पाच-सहा मिलिमीटर असते, म्हणजे दीड ओळीचा फरक पडला. मग ‘पिवळी’समोरचे ४० वरच्या किंवा खालच्या ओळीत जाऊन बसते. त्यातच मोबाइल तिरपा धरला असेल तर कागदाचा आयत राहत नाही, जवळची बाजू रुंद आणि लांबची अरुंद होते. यासाठी तक्त्याचे चार कोपरे शोधून गणिताने तो पुन्हा आयत केला जातो. चार बिंदू पुरतात, पण कागद सपाट असेल तरच. फाइलला टाचलेल्या, मध्ये फुगलेल्या कागदावर हे सूत्र कडेला चुकतेच.

आयत झाल्यावर रकान्यांच्या जागा सेंटिमीटरमध्ये मोजू नयेत, रुंदीच्या प्रमाणात मोजाव्यात. पहिल्या पानावर ‘नग’ हा रकाना तक्त्याच्या डाव्या कडेपासून साधारण ५८ ते ७० टक्क्यांत असेल, तर दुसऱ्या पानावरही तो तिथेच असायला हवा, मग फोटो जवळून काढलेला असो वा लांबून. आपले ४० हे ६४ टक्क्यांवर पडते, म्हणून ते नग. ही खातरजमा न करता ‘ओळीतला दुसरा आकडा म्हणजे दुसरा रकाना’ असे मोजत गेले, तर रिकाम्या घरांच्या ओळीत सगळे डावीकडे सरकते.

आता दुसऱ्या पानाचे डोके. तिथे पानाचा क्रमांक, कारखान्याचे नाव आणि रकान्यांची शीर्षके पुन्हा छापलेली असतात. ती काढायची, पण डोळे झाकून ‘पहिली ओळ उडवा’ असे करून चालत नाही. ज्या यादीत शीर्षक पुन्हा येत नाही तिथे नेमकी आपली शेपटीच उडेल. म्हणून दुसऱ्या पानाची पहिली ओळ पहिल्या पानाच्या शीर्षकाशी ताडून बघायची. ओसीआर दोन्हीकडे अक्षरशः सारखे वाचेलच असे नाही. ‘रक्कम’चे दुसऱ्या फोटोत ‘रककम’ होते, कारण पाय मोडल्याची बारीक खूण पुसटली. संगणकाच्या हिशेबात ‘रक्कम’ म्हणजे र, क, हलन्त, क, म अशी पाच चिन्हे, त्यातले एक गळाले. एका शब्दाचा दुसरा करायला किती चिन्हे घालावी, गाळावी किंवा बदलावी लागतात हे मोजण्याची पद्धत रशियन गणिती व्लादिमीर लेव्हेन्श्टाइन यांनी १९६५ मध्ये मांडली. इथे ते अंतर १ आहे. पाचही शीर्षकांत मिळून एक-दोन चिन्हांचाच फरक असेल तर ते शीर्षकच, खुशाल काढावे.

उरला मुख्य प्रश्न: शीर्षकाखालची बिनक्रमांकाची ओळ ही मागच्या नोंदीची शेपटी की स्वतंत्र नोंद? बरेच जण आधी रेघा पाहतात. पान १ च्या तळाशी आडवी रेघ नसेल तर ओळ तुटलेली, असा हा आडाखा. माझा त्यावर फारसा भरवसा नाही. काही प्रणाली पान संपते तिथे चौकट बंद करून देतात, काही देत नाहीत, आणि फोटोत तळाची रेघ सावलीत विरते ती वेगळीच.

त्यापेक्षा अनुक्रमांक बोलका असतो. पहिल्या पानाचा शेवट १४ वर झाला. बिनक्रमांकाच्या ओळीनंतर थेट १५ आला, तर मधली ओळ शेपटीच, कारण तिला द्यायला क्रमांकच शिल्लक नाही. पण त्या जागी १६ आला असता, तर मधली ओळ स्वतः पंधरावी असण्याची शक्यता जास्त, फक्त तिचा आकडा फोटोत वाचला गेला नाही. दिसायला दोन्ही प्रसंग हुबेहूब सारखे, निकाल मात्र उलटा. म्हणून सांध्यावरच्या दोन ओळी पाहून निर्णय घेऊ नये, त्यांच्या पुढची एक ओळही पाहावी.

दुसरा पुरावा नोंदीच्या पोटातच आहे. रक्कम ७२,०००, दर ३००, म्हणजे नग २४० हवेत. पहिल्या पानावर १२० आणि ८० मिळून २०० होतात. कमी पडणारे ४० नेमके पुढच्या पानाच्या डोक्यावर बसलेले. हा योगायोग मानायला कोणी तयार होणार नाही.

शेपटी ठरली की जोडणी घराघराने करायची. तपशिलाच्या घरात ‘पिवळी’ तिसऱ्या उपओळीत, नगाच्या घरात ४० तिच्याच समोर. दर आणि रक्कम वरच्या तुकड्यात आहेत, खालच्यात नाहीत, तर त्या तशाच राहू द्यायच्या. ‘दोन तुकड्यांपैकी भरलेले घर घ्या’ हा सोपा नियम दर-रकमेला चालतो, पण नगाच्या घरात दोन्हीकडे आकडे आहेत आणि दोन्ही खरे आहेत. तिथे तो नियम लावला तर ४० तरी जाईल, नाहीतर १२० आणि ८०. आकड्यांची घाईने बेरीज करून २४० लिहिणेही टाळावे, कारण मग रंगवार हिशेब बुडतो. जोडलेल्या नोंदीपुढे ‘पान १ तळ, पान २ माथा’ अशी खूण ठेवली, तर पुढे वाद झाला तेव्हा नेमका कोणता फोटो काढायचा हे कळते.

इथेच आणखी एक फसवी वाट आहे. कधी दुसरा फोटो काढताना खाली पहिल्या पानाचा तळही डोकावतो आणि चौदाव्या नोंदीचा वरचा तुकडा दोन्ही फोटोंत येतो. मग ‘सारख्या दिसणाऱ्या ओळी एकदाच ठेवा’ असा मोह होतो. तो आवरावा. रवानगीच्या यादीत तोच टॉवेल, तेच नग, तोच दर दोन वेगळ्या गिऱ्हाइकांना जाऊ शकतो, त्या दोन खऱ्या नोंदी आहेत. ओळ दुबार आहे की नाही हे मजकुरावरून नव्हे, अनुक्रमांक आणि कागदावरची जागा यांवरून ठरते.

शेवटी यादीच्या तळाची बेरीज. समजा छापील एकूण ४,८६० नग आणि ११,३८,५०० रुपये आहे. आपल्या तक्त्याची बेरीज ४,८२० नग आली आणि रक्कम बरोबर निघाली, तर शेपटी गळाली, तीही चाळीसची. नग बरोबर आणि रक्कम १२,१०,५०० आली, तर फरक बरोबर ७२,००० चा, म्हणजे चौदावी नोंद दोनदा मोजली गेली. स्वतंत्र नोंद केल्याची चूक मात्र या दोन्ही बेरजांतून निसटते: नगही जुळतात, रक्कमही जुळते. ती पकडायची तर नोंदींची संख्या शेवटच्या अनुक्रमांकाशी ताडून पाहावी लागते. वहीत लिहिलेल्या खतावणीत ‘मागील पानावरून’ ही ओळ असते. पडताळणीला ती उत्तम, पण तिला नोंद समजून बेरजेत धरले तर सबंध पहिले पानच दुप्पट होते.

यादी करणाऱ्याला हे सगळे एका खुणेत टाळता येते. वर्डमध्ये तक्त्याच्या गुणधर्मांत `Row` खाली `Allow row to break across pages` असा पर्याय असतो आणि तो सहसा चालूच असतो. तो बंद केला की न मावणारी नोंद अख्खी पुढच्या पानावर जाते. पहिल्या पानाखाली थोडी जागा रिकामी राहते, आणि तेवढ्यासाठी कारखान्यातला कारकून कागद वाया गेला म्हणून कुरकुरतो.

ज्या यादीत अनुक्रमांक नाही, दर नाही आणि तळाला बेरीजही नाही, तिथे मात्र पुराव्यांपैकी एकही उरत नाही. अर्धवट वाक्य, रिकामी घरे आणि रेघा यांवरून अंदाज बांधता येतो, तो बऱ्याचदा बरोबरही निघतो, पण अशा सांध्यावर दोन्ही तुकडे वेगळे ठेवून पिवळी खूण करावी आणि यादी पाठवणाऱ्याला फोन लावावा.