तीस टक्के बॅटरी असूनही घड्याळ बंद का पडतं?

लडाखमध्ये सप्टेंबरात 'खारदुंग ला चॅलेंज' ही 72 किलोमीटरची शर्यत होते. मध्यरात्र उलटल्यावर पहाटे तीनला खारदुंग गावातून धावायला सुरुवात, मग 5,300 मीटरहून उंच खिंडीपर्यंत चढ आणि तिथून लेहपर्यंत उतार. महाराष्ट्रातले धावपटूही तिथे जातात. चढावर पारा शून्याखाली असतो, आणि नेमकं तिथेच एखाद्याचं स्मार्टवॉच बॅटरी 30 टक्के दाखवत असताना बंद पडतं. गंमत म्हणजे खाली उतरून उन्हात आल्यावर तेच घड्याळ चालू केलं, तर चार्ज न करताही पंचवीस-सत्तावीस टक्के दाखवतं. ही बॅटरी मधल्या काळात संपलेलीच नव्हती. मग काय झालं होतं?

घड्याळातल्या लिथियम-आयन बॅटरीत एका बाजूला ग्राफाइट असतं, दुसऱ्या बाजूला धातूचं ऑक्साइड आणि मध्ये द्रव इलेक्ट्रोलाइट. घड्याळ चालतं तेव्हा लिथियमचे आयन ग्राफाइटमधून निघून या द्रवातून पलीकडे जातात. थंडीत खोबरेल दाट होतं, तसा हा द्रवही दाट होत जातो. आयन हळू सरकतात, आणि कणांच्या पृष्ठभागावर शिरायला-निघायलाही त्यांना जास्त वेळ लागतो. विजेच्या भाषेत, बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. साठा तेवढाच असतो, पण तो झटकन बाहेर काढता येत नाही.

एक हिशेब करून बघू. यातले आकडे अशा घड्याळांना साधारण जुळतील असे धरलेले आहेत. 30 टक्के चार्ज असताना बॅटरीचा दाब 3.7 व्होल्ट आहे. दाब 3.3 व्होल्टच्या खाली गेला की घड्याळ स्वतःला बंद करतं, कारण त्याखाली आतलं सर्किट बिनचूक चालेल याची खात्री नसते. धावपटू मनगट वर करतो, स्क्रीन पूर्ण उजळते, त्याच क्षणी जीपीएस आणि नाडी मोजणारे दिवेही चालू असतात, आणि क्षणभर 250 मिलीअँपिअर वीज ओढली जाते. ओढलेली वीज गुणिले रोध, एवढा दाब घसरतो. पुण्याच्या हवेत रोध 0.4 ओहम असेल, तर दाब 0.1 व्होल्टने घसरून 3.6 होईल आणि कुणाला काही कळणारही नाही. खिंडीतल्या गारठ्यात रोध 1.8 ओहम झाला, तर घसरण 0.45 व्होल्टची होते आणि दाब 3.25 वर येतो. घड्याळ बंद! त्या एका क्षणाच्या ओढीने घात केला, साठ्याने नव्हे.

फोनपेक्षा घड्याळाला हा त्रास लवकर होतो, कारण बॅटरी फोनच्या दहाव्या-पंधराव्या हिश्शाएवढी असते आणि लहान बॅटरीचा रोध मुळातच जास्त. थंडीत आणखी एक भर पडते. त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसल्याने मनगटातून नाडीचा संकेत क्षीण मिळतो, मग तो पकडण्यासाठी बरीच घड्याळं आपले दिवे अधिक प्रखर करतात. म्हणजे बॅटरी सर्वांत कमजोर असते तेव्हाच तिच्याकडून जास्त मागितलं जातं.

यावर सगळ्यात चांगला उपाय शरीराची ऊब. घड्याळ मनगटाला घट्ट आणि जाकिटाच्या बाहीखाली असेल, तर बॅटरी बाहेरच्या हवेपेक्षा बरीच उबदार राहते. तेच जाकिटावरून बांधलं किंवा सायकलच्या हँडलला लावलं की ती हवेइतकीच थंड होते. अॅपल वॉच अल्ट्रासाठी कंपनी उणे 20 ते 55 अंशांची मर्यादा देते, पण ती घड्याळ मनगटावर असताना, हे लक्षात घेण्याजोगं आहे. 'हात वर करताच स्क्रीन चालू' ही सोय बंद ठेवली, तर ओढीचे ते झटकेही टळतात.

थंडीत टचही दगा देतो, पण त्यात बहुतेक वेळा दोष तापमानाचा नसतो. काचेखाली पारदर्शक वाहक पट्ट्यांची जाळी असते आणि तिच्या छेदांपाशी विद्युतक्षेत्र असतं. आपलं बोट म्हणजे खारट पाण्याने भरलेला वाहक. ते जवळ आलं की क्षेत्राचा थोडा भाग स्वतःकडे ओढून घेतं. हा बदल अतिशय सूक्ष्म असतो आणि टचची चिप तो सतत मोजत असते. हातमोज्याने बोट दोन-तीन मिलिमीटर दूर गेलं की तो मोजण्याइतका उरत नाही. गारठलेलं, कोरडं पडलेलं बोटही नीट टेकत नाही. टोकाला वाहक धागा विणलेले हातमोजे म्हणूनच चालतात.

आता चंद्रपूरचा मे महिना घ्या, जिथे पारा 46-47 अंशांना टेकतो. इथे टच बिघडवतो तो घाम. काचेवर घामाचा पातळ थर पसरून मनगटाच्या ओल्या त्वचेला जोडला गेला, की चिपला एक बोट दिसण्याऐवजी अर्धी काच दाबल्यासारखी दिसते. मग ती एकतर सगळेच स्पर्श नाकारते, किंवा भलतीकडे स्पर्श झाला असं समजते आणि धाव मध्येच थांबवून टाकते. परीक्षा सोपी आहे: कोरड्या कापडाने काच पुसा. लगेच सुरळीत झालं तर घामच कारणीभूत होता. पुसूनही अडखळत असेल आणि स्क्रीन आपोआप मंद झाली असेल, तर घड्याळ तापलंय आणि स्वतःला वाचवायला काम कमी करतंय. उन्हातलं काळं घड्याळ हवेपेक्षाही जास्त तापतं. धावायला निघतानाच टच कुलूपबंद करून बटणांवर काम चालवणं उत्तम. मी तर घड्याळ निवडतानाच बाजूला खरी बटणं आहेत का हे आधी बघेन.

बॅटरीचं मात्र उन्हात उलटं वाटतं. द्रव पातळ, रोध कमी, त्यामुळे त्या दिवशी ती छान चालते. स्क्रीन उन्हात वाचता यावी म्हणून प्रखर होते, तेवढी चार्जमध्ये घट. खरं नुकसान आत चाललेलं असतं. ग्राफाइटवर एक संरक्षक पापुद्रा असतो. उष्णतेत इलेक्ट्रोलाइटच्या विघटनाने तो जाड होत जातो आणि लिथियम त्यात कायमचं अडकतं. साठा कमी होतो, रोध वाढतो, आणि हे परत फिरत नाही. बॅटरी पूर्ण चार्ज असताना हा वेग सर्वाधिक. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर शंभर टक्के चार्ज करून ठेवलेलं घड्याळ म्हणजे सगळ्यात वाईट जुळणी.

रोध वाढलेली बॅटरी थंडीत आधी पडते. वरच्या हिशेबात नव्या बॅटरीच्या 0.4 ओहमऐवजी झिजलेल्या बॅटरीच्या 0.7 ओहमपासून सुरुवात केली, तर घड्याळ तीसऐवजी पन्नास टक्क्यांनाही बंद पडू शकतं. उन्हाळ्याने केलेली झीज हिवाळ्यात उघडकीला येते ती अशी. घड्याळ थंडीत बंद पडून उबेत परतलं, तर बॅटरी ठीक असण्याची शक्यता जास्त. पण घरात, पंचवीस अंशांतही ते तीस टक्क्यांवर बंद पडू लागलं, तर बॅटरी बदलायची वेळ आली आहे.

लेहच्या खोलीवर परतल्यावर गार घड्याळ लगेच चार्जरला लावू नये. शून्याखाली चार्ज करताना लिथियम ग्राफाइटच्या आत शिरण्याऐवजी वर धातूच्या रूपात साचू शकतं. म्हणूनच गार्मिनची अनेक घड्याळं उणे 20 पर्यंत वापरता येतात, पण त्यांची चार्जिंगची मर्यादा शून्य ते 45 अंश अशी दिलेली असते. अर्धा तास खोलीत राहू द्यावं, हाताला गार लागेनासं झालं की मगच लावावं.