वर्ग भरला की वायफाय का बसतं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या मोठ्या हॉलात वायफाय आम्हीच बसवलं होतं. सकाळी ८च्या तासाला ते छान चालायचं. ११ वाजता दुसरी तुकडी आली आणि सगळ्यांनी फोन जोडले, की मागच्या बाकांचं नेट गायब. आम्ही फोनवरच "मोठा प्लॅन घ्या" म्हणून मोकळे झालो. खरं कारण शोधलं ते बीएस्सीच्या दोघांनी: एक दारव्ह्याचा मुलगा, एक दिग्रसची मुलगी.

"लाइन कमी पडली असती तं सगळ्यांचंच हळू चाललं असतं," ती म्हणाली. "इथं समोर रील चालते अन् मागं फोन जुळतच नाही."

मागच्या फोनवर सिग्नल पूर्ण असायचा, पण 'आयपी पत्ता मिळवत आहे' इथेच तो अडकायचा. आयपी पत्ता म्हणजे राउटर प्रत्येक यंत्राला देतो तो वेगळा क्रमांक; तो नसेल तर नेट चालत नाही. त्याने लॅपटॉपवर ही आज्ञा दिली:

```
ipconfig
```

पत्ता दिसला 169.254 ने सुरू होणारा. राउटरकडून पत्ता आला नाही, की विंडोज असा पत्ता स्वतःच लावून घेतं. मग त्याने हाताने 192.168.1.220 हा पत्ता भरला, आणि त्याच बाकावर, त्याच गर्दीत नेट सुरू! म्हणजे सिग्नलही ठीक, लाइनही ठीक. अडलं होतं पत्ते वाटण्यात.

सरांकडून पासवर्ड घेऊन दोघांनी राउटरचं पान उघडलं. वाटायला पत्ते होते 192.168.1.100 ते 192.168.1.199, म्हणजे १००. प्रत्येक पत्ता २४ तासांसाठी दिलेला. सकाळची ६० पोरं एसटीने घरी गेली, तरी त्यांचे पत्ते त्यांच्याच नावावर अडकलेले. उरले ४०, आणि ११च्या वर्गात फोन ७०.

"म्हणजे माणूस उतरून गेला, पण सीटवर रुमाल तसाच!" तो म्हणाला.

कंपनीतून आलेली सेटिंग आम्ही बदललीच नव्हती, चूक आमची. आता पत्ते 192.168.1.20 पासून 192.168.1.250 पर्यंत, म्हणजे २३१ केले आणि मुदत १ तास ठेवली. फोन जोडलेला असेल तर तो मुदत स्वतःच वाढवून घेतो, निघून गेला तर पत्ता मोकळा होतो. (हाताने भरलेला २२० तेवढा आठवणीने काढायला लावला, नाहीतर राउटरने तोच दुसऱ्याला दिला असता.)

आता सगळे फोन जुळतात. पण ७० जणांनी एकदम व्हिडिओ लावला तर अजूनही अडखळतो. एका चॅनेलवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं, आणि लांबच्या कोपऱ्यातला कमजोर सिग्नलचा फोन तेवढ्याच मजकुराला जास्त वेळ घेतो. त्यावर मुदत बदलून उपयोग नाही. हॉलात दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफायचा आणखी एक डबा, वेगळ्या चॅनेलवर, शक्यतो ५ गिगाहर्ट्झवर, लावावा लागतो.

म्हणून तक्रार करताना एवढं नक्की सांगा: फोन पत्ता मिळवतानाच अडकतो, की जुळून मग हळू चालतो? पहिलं असेल तर आम्ही नवीन काही न विकता सेटिंग बदलून देऊ.