फुकट डाउनलोडच्या जाहिराती आणि पासवर्डचोर

सर्च इंजिनवर एखादं फुकट सॉफ्टवेअर शोधलं की खऱ्या साइटच्या वर जी 'प्रायोजित' लिहिलेली जाहिरात येते, तिच्यातूनच नकली साइटवर नेऊन कॉम्प्युटरमधे पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम घालायचा, असा हा धंदा आहे. इंग्रजीत याला मालव्हर्टायझिंग म्हणतात, आणि जो प्रोग्रॅम घुसतो त्याला इन्फोस्टीलर किंवा नुसतं स्टीलर. क्रॅक केलेली सॉफ्टवेअर्स आणि फुकट सिनेमे दाखवणारी ॲप्स यांच्या मागेही बऱ्याचदा हेच स्टीलर असतात, फक्त दार वेगळं. २०२२ च्या शेवटी आणि २०२३ च्या सुरुवातीला या जाहिरातींचा इतका सुळसुळाट झाला होता की ओबीएस, व्हीएलसी, नोटपॅड प्लस प्लस, सेव्हन-झिप अशी जवळपास सगळी ओळखीची फुकट सॉफ्टवेअर्स त्यात सापडली. अमेरिकेच्या एफबीआयने डिसेंबर २०२२ मधे सूचना काढून लोकांना चक्क ॲड ब्लॉकर वापरा असं सांगितलं.

गिंपचं प्रकरण

हे सगळं कसं चालतं ते कळायला गिंपचं उदाहरण सगळ्यात बरं. गिंप म्हणजे फोटो एडिट करायचं फुकट सॉफ्टवेअर, फोटोशॉप परवडत नाही असे अर्धे लोक शेवटी तिथेच येतात, आणि त्याची खरी साइट gimp.org. ऑक्टोबर २०२२ च्या शेवटी गूगलवर गिंप शोधलं की सगळ्यात वर एक जाहिरात दिसायची, त्यात पत्ता पण व्यवस्थित gimp.org असाच लिहिलेला. क्लिक केलं की मात्र माणूस पोचायचा gilimp.org वर. मधे दोन अक्षरं जास्त आहेत, पण पान हुबेहूब गिंपचं असल्यावर ॲड्रेस बारकडे बघतंय कोण.

जाहिरातीत एक पत्ता दाखवून दुसरीकडे नेणं शक्य होतं कारण दिसणारा पत्ता आणि क्लिकनंतर उघडणारा पत्ता या जाहिरातीतल्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नियमाने दोन्ही एकाच साइटचे हवेत, आणि तरीही गिंपच्या वेळी हे निसटलं. त्याच डिसेंबरमधे गार्डिओ नावाच्या कंपनीच्या संशोधकांनी अजून एक युक्ती उघड केली. चोर आधी एक साधीसुधी निरुपद्रवी साइट बनवतात, जाहिरात तिच्या नावाने पास करून घेतात, आणि मग त्या साइटचा सर्व्हर बघत बसतो की आलेला माणूस खरंच जाहिरातीवर क्लिक करून आलाय का. तपासणारा बॉट असेल तर त्याला साधं पान दिसतं, तुम्ही आम्ही असलो तर तिथल्या तिथे नकली डाउनलोडच्या पानावर ढकललं जातं. म्हणजे गूगलने तपासलेली साइट आणि तुम्ही बघितलेली साइट एक नसतेच. 'गूगलने एवढं तपासलंच असेल ना' हा आपला जो भरवसा असतो तो इथेच बाद होतो.

सातशे एमबीचं वजन

gilimp.org वरून जी फाइल यायची तिचं नाव Setup.exe आणि वजन जवळपास ७०० एमबी. आत खरा माल ५ एमबीपेक्षा कमी, बाकी सगळा भुसा. भुसा भरायचं कारण फार साधं आहे. एकतर एवढी मोठी फाइल बघून माणसाला वाटतं की हां, पूर्ण सॉफ्टवेअर दिसतंय. आणि दुसरं म्हणजे मोठ्या फाइली तपासताना बरेच अँटिव्हायरस कंटाळा करतात, व्हायरसटोटल ही साइट तर ६५० एमबीच्या वरची फाइल घेतच नाही, त्यामुळे एखाद्याला शंका आली आणि तपासायला टाकली तरी तिथूनही हात हलवत परत.

पण याच वजनावरून ओळखता पण येतं, आणि हे मला या सगळ्या प्रकारातलं सगळ्यात कामाचं वाटतं. भुसा म्हणजे बहुतेक वेळा नुसती शून्यं, आणि शून्यं झिपमधे दाबली की जवळजवळ नाहीशी होतात. तेव्हा डाउनलोड केलेली झिप पाच-दहा एमबीची आणि उघडल्यावर आतली exe मात्र सहाशे-सातशे एमबीची झाली, तर ती फाइल चालवायचीच नाही, सरळ डिलीट. खऱ्या इन्स्टॉलरमधला डेटा आधीच दाबलेला असतो, तो झिपमधून काढल्यावर असा शंभरपट फुगत नाही.

दुसरी तपासणी म्हणजे हॅश, म्हणजे फाइलवरून काढलेला तिचा ठसा, फाइल जरा जरी बदलली तरी तो बदलतो. गिंपवाले आपल्या डाउनलोड पानावर फाइलचा SHA256 हॅश देतात. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधे, फाइल आहे त्या फोल्डरमधे जाऊन हे टाकायचं (नाव तुमच्या फाइलचं):

```
certutil -hashfile gimp-setup.exe SHA256
```

जो लांबलचक आकडा येईल तो पानावरच्याशी जुळला पाहिजे. अर्थात पानच नकली असेल तर हॅश पण नकली, त्यामुळे आधी पत्ता स्वतः टाइप करून खऱ्या साइटवर जाणं हे आलंच. प्रोग्रॅम कुणाच्या नावाने निघाला ते सांगणाऱ्या डिजिटल सहीवर मात्र फार विसंबू नये, २०२३ मधे कीपास या पासवर्ड मॅनेजरच्या नावाने जी जाहिरात फिरत होती तिच्यातल्या इन्स्टॉलरला रीतसर सही होती, आणि पत्त्यात k च्या खाली एक बारीकशी खूण असलेलं अक्षर, ķeepass.info असं, स्क्रीनवर धूळ बसलीय असं वाटावं इतकं छोटं.

आत गेल्यावर काय होतं

गिंपच्या फाइलमधे होता विडार नावाचा स्टीलर. असे स्टीलर विकत किंवा भाड्याने मिळतात, म्हणजे जाहिरात देणारा वेगळा आणि प्रोग्रॅम लिहिणारा वेगळा. विडार, रॅकून, रेडलाइन, लुम्मा ही सगळी एकाच पठडीतली मंडळी. फाइल डबल क्लिक केली की बऱ्याचदा स्क्रीनवर काहीच होत नाही किंवा एखादा एरर येतो, माणूस म्हणतो चला बिघडलेली फाइल दिसतेय आणि दुसरीकडून डाउनलोड करतो. तोवर काम झालेलं असतं, त्याला काही मिनिटं पुरतात, आणि नंतर बरेच स्टीलर स्वतःला पुसून पण टाकतात. म्हणून दुसऱ्या दिवशी स्कॅन करून 'काही सापडलं नाही' आलं तर त्याला काडीचा अर्थ नाही.

हे इतकं सोपं का, तर क्रोमसारखा ब्राउझर तुमचे सेव्ह केलेले पासवर्ड Login Data नावाच्या फाइलमधे ठेवतो. ते कुलूपबंद असतात खरे, पण विंडोजवर त्या कुलपाची किल्ली तुमच्या विंडोज लॉगिनला बांधलेली असते. म्हणजे तुमच्या नावाने चालणारा कुठलाही प्रोग्रॅम ती किल्ली मागू शकत होता, आणि तुम्हीच डबल क्लिक केलेली exe तुमच्याच नावाने चालते. जुलै २०२४ मधे क्रोमच्या १२७ व्या आवृत्तीत कुकीजसाठी जास्त कडक कुलूप आलं, पण दोन-तीन महिन्यांत स्टीलरवाल्यांनी त्यातून पण वाट काढली.

पासवर्डपेक्षा वाईट म्हणजे कुकीज. तुम्ही एकदा लॉगिन केलं, ओटीपी टाकला, की साइट ब्राउझरला एक कुकी देते, 'हा माणूस आत आलेला आहे' असा पासच म्हणा. तो पास चोराने आपल्या ब्राउझरमधे लावला तर त्याला ना पासवर्ड लागतो ना ओटीपी. यूट्यूब चॅनेल आणि इन्स्टाची खाती अशीच जातात, आणि मालक बिचारा सांगत बसतो की अहो माझं टू-स्टेप चालू होतं. चालू होतं हे खरंच असतं. याशिवाय विडार क्रिप्टो वॉलेट, टेलिग्राम, मेल आणि एफटीपी प्रोग्रॅममधली लॉगिन पण गोळा करतो.

क्रॅक आणि सिनेमे

क्रॅकमधे गिऱ्हाईक स्वतःच पहारेकऱ्याला घरी पाठवतं. 'आधी अँटिव्हायरस बंद करा' हे इन्स्टॉलच्या सूचनेतच लिहिलेलं असतं, आणि क्रॅकला अँटिव्हायरस तसाही ओरडतोच हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटत नाही. झिपला 1234 सारखा पासवर्ड लावलेला असतो आणि तो शेजारीच लिहून दिलेला असतो. मग पासवर्ड लावायचाच कशाला? तर बंद झिपच्या आत मेलचं किंवा ब्राउझरचं स्कॅनर बघू शकत नाही म्हणून. आमच्या ओळखीच्या एका डीटीपीवाल्याने लग्नपत्रिकांच्या सीझनमधे असंच एक क्रॅक टाकलं, सॉफ्टवेअर मस्त चाललं, पत्रिका पण छापल्या, आणि तीन आठवड्यांनी त्याच्या मेलवरून त्याच्याच गिऱ्हाइकांना बिलं जायला लागली, खाली अकाउंट नंबर भलताच. क्रॅक चाललं म्हणजे ते स्वच्छ होतं असं नसतं, दोन्ही कामं एकाच वेळी होतात.

एप्रिल २०२३ मधे गूगलने क्रिप्टबॉट या स्टीलरच्या वितरकांविरुद्ध कोर्टात जाऊन जी माहिती दिली तिच्यात एका वर्षात सुमारे ६,७०,००० कॉम्प्युटरना लागण झाल्याचा अंदाज होता, आणि तो पसरत होता गूगल अर्थ प्रो आणि क्रोम यांच्या बदललेल्या आवृत्त्यांमधून. क्रोम फुकटच मिळतं, तरी.

सिनेम्यांचं म्हणाल तर मायक्रोसॉफ्टने मार्च २०२५ मधे एका मोहिमेची माहिती दिली, चोरून सिनेमे दाखवणाऱ्या साइटवर व्हिडिओच्या चौकटीतच जाहिरातीची लिंक लपवलेली, तिथून चार-पाच उड्या मारत माणूस गिटहब या प्रोग्रॅमरलोकांच्या साइटवर ठेवलेल्या फाइलपर्यंत पोचायचा, आणि जगभरात जवळपास दहा लाख उपकरणांना झळ लागली. मोबाइलवर हेच एपीकेमधून, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून टाकायच्या ॲपच्या फाइलमधून येतं. तिथे बघायची गोष्ट एकच, सिनेमा दाखवायला ॲक्सेसिबिलिटीची परवानगी लागत नाही आणि एसएमएस वाचायची तर नाहीच नाही. ॲक्सेसिबिलिटी दिली की ॲप स्क्रीनवरचं वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणं पण दाबू शकतं. अँड्रॉइड १३ पासून बाहेरून टाकलेल्या ॲपला ही परवानगी सहजासहजी देता येत नाही, म्हणून आता ही ॲप्स सेटिंगमधे जाऊन ते बंधन कसं काढायचं ते पण चित्रं दाखवून शिकवतात.

फाइल चालवून झाली असेल तर

इथे क्रम महत्त्वाचा आहे आणि बहुतेक जण तो उलटा करतात. घाबरून त्याच कॉम्प्युटरवर पासवर्ड बदलायला बसलात आणि स्टीलर अजून आत असला तर नवा पासवर्ड पण त्याच्या हातात. आधी त्या मशीनचं नेट तोडायचं. मग दुसऱ्या स्वच्छ फोन किंवा कॉम्प्युटरवरून आधी मेलचा पासवर्ड बदलायचा, कारण बाकी सगळ्यांचे रीसेट तिथेच येतात, आणि लगेच 'सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट' करायचं. हे दुसरं विसरलं की चोरलेली कुकी काही ठिकाणी पासवर्ड बदलल्यावरही चालू राहते. त्यानंतर बँक, मग बाकीचे. सेव्ह केलेला प्रत्येक पासवर्ड गेला असं धरून चालायचं, 'ही साइट तर मी उघडलीच नव्हती' याने फरक पडत नाही कारण चोर पूर्ण फाइलच उचलतो. मशीनवर विंडोज नव्याने टाकायचं. पैसे गेले असतील तर भारतात १९३० या नंबरवर लगेच फोन करायचा आणि cybercrime.gov.in वर तक्रार टाकायची, पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत अडवता आले तरच परत मिळायची आशा असते, म्हणून हा फोन विंडोज टाकत बसण्याच्या आधी.