'जास्त फेजचा बोर्ड म्हणजे १६ कोअरला चालणारच'

असे अनेकदा म्हणतात, पण ते खरेच असेल असे नाही. मदरबोर्डच्या खोक्यावरचा फेजचा आकडा बहुधा पॉवर स्टेजची, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागांची, बेरीज असतो. कंट्रोलरचे एकच चॅनल दोन स्टेजना विभागून दिले की ८ चे १६ होतात. म्हणून आधी प्रत्येक स्टेजचा प्रकार आणि अँपियर क्षमता पाहा.

१६ कोअरच्या रायझन ९ ७९५०एक्सची सॉकेटवरची मर्यादा २३० वॅट आहे. व्हीआरएमची, म्हणजे या सगळ्या स्टेज मिळून बनलेल्या वीजपुरवठ्याची, कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर तिथे सुमारे २५ वॅट उष्णता तयार होते. ८५ टक्के असेल तर ४० वॅट. ती बाहेर काढायचे काम हीटसिंकचे. त्याला खरे पंख हवेत, वजन हवे, आणि थर्मल पॅड सगळ्या स्टेजना टेकलेला हवा. वरचे चकचकीत प्लास्टिकचे झाकण उलट हवा अडवते. लिक्विड कूलर लावला, की सॉकेटजवळचा वाराही जातो.

बोर्ड हाती असेल तर अर्धा तास सर्व कोअरवर भार द्या आणि HWiNFO64 या प्रोग्रॅममध्ये व्हीआरएमचे तापमान पाहा. ते शंभरीपुढे चढत असेल आणि प्रोसेसर थंड असूनही त्याचे वॅट व क्लॉक घसरत असतील, तर अडचण बोर्डाचीच.