पगारपत्रकातील कपाती आणि त्यांचा न लागणारा मेळ

पगारपत्रकाच्या, म्हणजे पे-स्लिपच्या, उजव्या रकान्यात भविष्य निर्वाह निधी (पीएफ), व्यवसाय कर (पीटी) आणि उगमस्थानी कापलेला प्राप्तिकर (टीडीएस) या तीन रकमा एकाखाली एक छापलेल्या असतात. कर्मचारी त्या एकूण पगाराशी ताडून पाहतो आणि एकही जुळत नाही. बहुतेक वेळा ही चूक नसते. तिन्ही रकमा तीन वेगवेगळ्या पायांवर काढलेल्या असतात: पीएफ मूळ वेतन आणि महागाई भत्त्यावर, व्यवसाय कर त्या महिन्याच्या एकूण पगारावर आणि टीडीएस संपूर्ण वर्षाच्या अंदाजित उत्पन्नावर. हे पगारपत्रकात कुठेच छापलेले नसते, ही त्याच्या रचनेतली मोठी उणीव म्हणावी लागेल.

उदाहरणादाखल पुण्यातला एक कर्मचारी घेऊ. आर्थिक वर्ष 2025-26, महिन्याचा एकूण पगार ₹1,20,000, त्यातले मूळ वेतन ₹48,000, महागाई भत्ता नाही, करासाठी नवी प्रणाली. त्याच्या एप्रिलच्या स्लिपवर पीएफ ₹5,760, पीटी ₹200 आणि टीडीएस ₹7,345 दिसतात. हातात येतात ₹1,06,695.

पीएफचा हिशोब त्यातल्या त्यात सरळ आहे. ₹48,000 चे 12 टक्के म्हणजे ₹5,760. एवढीच रक्कम मालक स्वतःकडून भरतो, तरी पीएफच्या पासबुकात पुष्कळदा दोन्ही बाजूंना सारखा आकडा दिसत नाही. कर्मचारी पेन्शन योजनेचा सदस्य असेल तर मालकाच्या वाट्यातून त्या योजनेकडे 8.33 टक्के वळवले जातात आणि तेही सप्टेंबर 2014 पासून लागू असलेल्या ₹15,000 च्या वेतनमर्यादेवर, म्हणजे जास्तीत जास्त ₹1,250. म्हणून पासबुकात कर्मचाऱ्याचे ₹5,760, मालकाचे ₹4,510 आणि पेन्शनचे ₹1,250 असे तीन आकडे येतात. मालकाने पैसे खाल्ले अशी शंका अनेकांना इथेच येते. पेन्शनचा रकाना मिळवला की बेरीज जुळते. काही कंपन्या मूळ वेतन कितीही असले तरी ₹15,000 वरच पीएफ कापतात. तिथे ही कपात ₹1,800 असते. बिनपगारी रजा पडली तर मूळ वेतन घटते आणि पीएफही घटतो: 30 दिवसांच्या महिन्यात दोन दिवस गेले तर ₹44,800 वर ₹5,376.

नोकरीच्या वेळी सांगितलेला वार्षिक सीटीसी, म्हणजे कर्मचाऱ्यावर कंपनीला येणारा एकूण खर्च, आणि पगारपत्रक यांतली तफावतही पुष्कळदा इथेच उगम पावते. मालकाचा पीएफ वाटा सीटीसीत धरलेला असतो, पण तो एकूण पगारात येत नाही. तो कर्मचाऱ्याच्या पगारातून कापणे मात्र कायद्याला मान्य नाही. कपातीच्या रकान्यात पीएफ दोनदा दिसला, तर खुलासा मागायलाच हवा.

व्यवसाय कर हा राज्याचा कर आहे. संविधानाच्या अनुच्छेद 276 नुसार तो वर्षाला ₹2,500 पेक्षा जास्त घेता येत नाही आणि दिल्लीसारख्या ठिकाणी तो नाहीच. महाराष्ट्रात महिना ₹10,000 च्या वर पगार असलेल्या पुरुषाकडून ₹200 घेतले जातात. स्त्रियांना एप्रिल 2023 पासून ₹25,000 पर्यंत सूट आहे. अकरा महिने ₹200 घेतल्यावर ₹2,200 होतात आणि ₹2,500 ला ₹300 कमी पडतात, म्हणून फेब्रुवारीत ₹200 ऐवजी ₹300 कापले जातात. दरवर्षी फेब्रुवारीच्या पगारात शंभर रुपये कमी का आले, याचे उत्तर एवढेच.

खरा गोंधळ टीडीएसचा. पगारावरचा प्राप्तिकर त्या महिन्याच्या पगारावर काढतच नाहीत. मालक वर्षभराचे उत्पन्न अंदाजतो, त्यावरचा कर काढतो आणि तो उरलेल्या महिन्यांत वाटतो. आपल्या उदाहरणात वर्षाचा पगार ₹14,40,000. त्यातून ₹75,000 ची प्रमाणित वजावट गेली की ₹13,65,000 उरतात. पहिल्या चार लाखांवर कर नाही, पुढच्या चार लाखांवर 5 टक्क्यांनी ₹20,000, त्यापुढच्या चार लाखांवर 10 टक्क्यांनी ₹40,000 आणि उरलेल्या ₹1,65,000 वर 15 टक्क्यांनी ₹24,750. बेरीज ₹84,750, 4 टक्के उपकर धरून ₹88,140. त्याला बाराने भागले की ₹7,345.

हे गणित घरी करताना अनेक जण पगारातून पीएफ आणि व्यवसाय करही वजा करतात. जुन्या प्रणालीत पीएफ कलम 80सी खाली मर्यादेत वजा होतो आणि व्यवसाय करही वजा होतो. नव्या प्रणालीत या दोन्ही वजावटी नाहीत. त्या धरल्या तर या उदाहरणात टीडीएस दरमहा सुमारे ₹931 ने कमी निघतो आणि ऑफिसने जादा कर कापला असे वाटते. नवी प्रणाली 2023-24 पासून आपोआप लागू होते. जुनी हवी असल्यास तसे कळवावे लागते.

आता ऑक्टोबरमध्ये ₹1,00,000 बोनस मिळाला असे धरू. वर्षाचा कर ₹15,600 ने वाढून ₹1,03,740 झाला. सप्टेंबरपर्यंत ₹44,070 कापून झाले आहेत. उरलेले ₹59,670 सहा महिन्यांत वाटले की दरमहा ₹9,945. नोव्हेंबरमध्ये पगार पुन्हा ₹1,20,000 वर आला, तरी टीडीएस ₹2,600 नी जास्तच राहिला आणि हातात ₹1,04,095 आले. काही कंपन्या बोनसवरचा सगळा कर त्याच महिन्यात घेतात. मग ऑक्टोबरमध्ये ₹22,945 कापले जातात आणि नोव्हेंबरपासून आकडा पूर्ववत होतो. दोन्ही पद्धतींत वर्षाचा कर तोच. जुन्या प्रणालीतला असाच धक्का साधारण जानेवारी ते मार्चमध्ये बसतो: एप्रिलमध्ये जाहीर केलेल्या गुंतवणुकीचे पुरावे आले नाहीत की तेवढी वजावट रद्द होते आणि वर्षभराचा राहिलेला कर शेवटच्या पगारांतून वसूल होतो. म्हणून टीडीएस तपासायचा तर एका महिन्याची स्लिप पुरत नाही. लेखा विभागाकडून वार्षिक कर-गणनेचा तक्ता मागून घ्यावा.

कापलेले पैसे खरोखर भरले गेले का, हा निराळा आणि जास्त गंभीर प्रश्न. पीएफ पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचा असतो, त्यानंतर काही दिवसांत नोंद पासबुकात दिसायला हवी. कापूनही न भरणे हा फौजदारी गुन्हा आहे आणि epfigms.gov.in वर तक्रार करता येते. टीडीएसची नोंद 26एएस या प्राप्तिकर खात्याकडच्या कर-जमा विवरणात लगेच दिसत नाही, कारण मालक विवरणपत्र तिमाहीला भरतो. एप्रिल ते जूनची माहिती 31 जुलैच्या मुदतीनंतर पाहावी. तिथे आकडा कमी असेल तर स्लिपा जपून ठेवाव्यात. कापलेल्या कराची मागणी कर्मचाऱ्याकडे करता येत नाही, असे आर्थिक वर्ष 2025-26 साठी लागू असलेल्या 1961 च्या प्राप्तिकर कायद्याचे कलम 205 सांगते. व्यवसाय कराचे मात्र कर्मचाऱ्याच्या नावाने पासबुक नसते. मालक सगळ्यांचा कर आपल्या नोंदणी क्रमांकावर एकत्र भरतो, त्यामुळे कर्मचाऱ्याच्या हाती पुरावा म्हणून मुख्यतः पगारपत्रकच राहते.